रिचार्जचे पैसे अडकले कुठे?

शनिवारी रात्री पुण्यातल्या मुलाने वाईला राहणाऱ्या आईच्या नंबरवर यूपीआयने ३४९ रुपयांचा रिचार्ज मारला, असे समजू. बँकेचा पैसे कटल्याचा मेसेज आला, पण आईचा फोन बंदचा बंद. अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने दुसरा रिचार्ज मारतात. नेमके तेच टाळायला हवे. पहिला रिचार्ज उशिरा का होईना लागला, तर आईच्या नंबरवर दोन प्लॅन चढतात आणि एकाचे पैसे परत मिळवणे अवघड होऊन बसते.

मुळात हे दोन वेगळे व्यवहार आहेत. आधी पैसे बँकेतून ॲपकडे जातात. ते पोचले की ॲप मोबाईल कंपनीला ‘या नंबरवर अमुक प्लॅन टाका’ अशी विनंती पाठवते. पैसे या वाटेवर कुठे थांबलेत, ते कळले की कोणाकडे दाद मागायची हेही कळते. त्यासाठी ॲपमधल्या ‘हिस्टरी’त जाऊन तो व्यवहार उघडायचा.

तिथे पेमेंटच ‘फेल’ किंवा ‘पेंडिंग’ दिसत असेल, तर पैसे ॲपपर्यंत पोचल्याची खात्री झालेली नाही. हे काम बँकेचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार, दुकानदाराला किंवा कंपनीला यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण समोरच्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी. बँकेशी बोलताना लागतो तो १२ अंकी यूटीआर नंबर. तो ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, खात्याच्या स्टेटमेंटमध्येही सापडतो.

आपल्या उदाहरणात मात्र ‘पेमेंट यशस्वी, रिचार्ज पेंडिंग’ असे दिसते. म्हणजे बँकेने तिचे काम केले, पैसे ॲपकडे पोचले, पण मोबाईल कंपनीचे उत्तर आलेले नाही. ॲप लगेच पैसे परत का करत नाही? कारण कंपनीने प्लॅन लावला असेल आणि फक्त उत्तर वाटेत अडकले असेल, ही शक्यता उरते. कंपनीने नकार कळवला की परतावा सुरू होतो. त्यामुळे इथे तक्रार ॲपच्या ‘हेल्प’मध्ये, त्याच व्यवहारावर नोंदवायची आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. वर सांगितलेली भरपाई इथे लागू होईलच असे नाही, कारण पेमेंट पूर्ण झालेले आहे. परतावा आला की नाही, हे पाहताना स्टेटमेंटमध्ये जुना नंबर शोधत बसू नये. परतावा वेगळी नोंद म्हणून, बहुधा नव्या नंबराने येतो.

तिसरी शक्यता जास्त गोंधळाची. ॲप ‘रिचार्ज यशस्वी’ म्हणते, खाली ऑपरेटर रेफरन्स नंबरही दिसतो, तरी प्लॅन नाही. आधी मोबाईल नंबराचे दहाही अंक ताडून पाहा. एक अंक चुकला की रिचार्ज परक्याच्या फोनवर जातो. मग कंपनीच्या ॲपमध्ये चालू आणि पुढचे प्लॅन पाहा. जुन्या प्लॅनची मुदत शिल्लक असेल, तर नवा प्लॅन रांगेत थांबलेला असू शकतो. स्मार्टफोन नसेल तर एअरटेलवर *121#, व्हीआयवर *199# डायल करून माहिती मिळते. जिओच्या नंबरवरून 1299 ला फोन केला की मेसेज येतो. तिथेही काही दिसले नाही, तर 198 या तक्रार क्रमांकावर ऑपरेटर रेफरन्स नंबर सांगून तक्रार नोंदवावी आणि डॉकेट नंबर मागून घ्यावा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच डॉकेट नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

या सगळ्यात सर्वांत मोठा धोका आहे तो गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधण्याचा. तिथे भामट्यांचे नंबर सापडतात आणि ‘रिफंडसाठी पिन टाका’ असे सांगितले जाते. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

‘पैसे कटले, रिचार्ज झाला नाही’ एवढ्यावर तक्रार पुढे सरकत नाही. ती अशी लिहावी: ‘शनिवारी रात्री ९.१० वाजता अमुक नंबरवर ३४९ रुपयांचा रिचार्ज केला. यूटीआर अमुक. पेमेंट यशस्वी, रिचार्ज पेंडिंग. प्लॅन लावा किंवा रक्कम परत करा.’ सोबत स्क्रीनशॉट जोडावा. तक्रार बँकेकडे असेल आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तिथेही आधी विचारतात, बँकेकडे तक्रार कधी केली. म्हणून पहिली तक्रार लेखी हवी आणि तिचा क्रमांक हाताशी हवा.