मुठीत दडलेले पोलाद

चाकूचे किंवा तलवारीचे पाते मुठीपाशी संपलेले दिसते, पण त्याचे पोलाद पुढे मुठीत शिरलेले असते. या भागाला टँग म्हणतात. तो मुठीइतकाच लांब-रुंद असेल तर ती फुल टँग. अर्ध्यात संपणारा किंवा अरुंद काडीसारखा असेल तर पार्शल टँग. फुल टँगच्या चाकूत पोलादाच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या रिवेटने बसवलेल्या असतात, त्यामुळे मुठीच्या कडेने पोलादाची रेघ दिसते. खुरप्याचे मात्र निमुळते टोक तापवून लाकडी मुठीत ठोकलेले असते.

या फरकाचे महत्त्व तरफेच्या हिशेबातून कळते. पाते 15 सेंटिमीटर लांब आहे आणि टोकावर 2 किलोचा आडवा जोर आला, असे समजू. टँग 10 सेंटिमीटर आत गेलेली असेल, तर तिच्या आतल्या टोकाशी मुठीवर साधारण 3 किलोचा दाब येतो. ती 3 सेंटिमीटरच असेल, तर तोच दाब 10 किलो होतो. जोर तेवढाच, पण आखूड टँग लाकडाला तिपटीहून जास्त जोराने उचकटते. म्हणून अशा मुठीतले छिद्र हळूहळू सैल होते किंवा लाकूडच चिरते.

रुंदीचा परिणाम याहून मोठा आहे. धारेच्या दिशेने येणारा जोर सोसण्याची ताकद रुंदीच्या वर्गाप्रमाणे बदलते. जाडी तीच ठेवून 3 सेंटिमीटर रुंद पाते मुठीपाशी 1 सेंटिमीटरवर आणले, तर त्या जागी ताकद एक नवमांश उरते. शिवाय रुंद पाते जिथे एकदम अरुंद होते, तो कोपरा काटकोनात कापलेला असेल तर सगळा ताण तिथेच गोळा होतो आणि बारीक तडा तिथूनच सुरू होतो. जाणता कारागीर हा कोपरा गोलाई देऊन घासतो आणि टँगला धारेइतके कडक पाणी देत नाही. ती थोडी मऊ राहिली, तर मोडण्याआधी वाकते.

भिंतीवर टांगण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त तलवारींत बहुधा या दोन्ही चुका एकत्र असतात. पात्याला बोटापेक्षा बारीक सळई वेल्डिंगने जोडून तिच्या टोकाला नट आवळलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होऊ शकते. अशी तलवार जोराने फिरवली की जोड तुटून अख्खे पाते भिरकावले जाते, आणि ते कुणाच्या अंगावर जाईल हे फिरवणाऱ्याच्या हाती राहत नाही.

तरीही आखूड टँग म्हणजे कच्चे काम असे धरणे चूक ठरेल, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा भारतीय तलवारच देते. तिची मूठ पोकळ लोखंडी असते. आखूड टँग त्या पोकळीत घालून वितळलेली लाख भरतात. लाख थिजली की पाते घट्ट बसते. लोखंडी मूठ चिरत नाही, आणि ही तलवार मुख्यतः ओढून कापण्यासाठी असल्याने उचकटणारा जोर कमी येतो. मूठ तापवली की लाख मऊ होऊन पाते बदलताही येते. मात्र जुनी लाख ठिसूळ होऊन भुगा होते, म्हणून वारशाने आलेली तलवार हलवून पाहण्याच्या मोहात पडू नये.

मराठ्यांच्या वापरातल्या फिरंगीत उपाय वेगळा होता. युरोपातून आलेले लांब, सरळ पाते खंड्याच्या मुठीत बसवत. या मुठीतून निघणाऱ्या लोखंडी पट्ट्या पात्याला दोन्ही बाजूंनी कवटाळतात आणि पात्यातून आरपार रिवेट जातात. त्यामुळे ताण एकट्या टँगवर न पडता पात्याच्या बऱ्याच लांबीवर वाटला जातो.

स्वयंपाकघरातही हाच विचार लागू पडतो. भाजी, मासे चिरणाऱ्या हलक्या सुरीला नीट बसवलेली पार्शल टँग पुरते. हाडे तोडायची असतील, नारळ फोडायचा असेल, तर फुल टँगच हवी. पण केवळ रिवेट पाहून निर्णय घेऊ नये, कारण काही मुठींवर ते शोभेपुरतेच असतात. पोलादाची रेघ मुठीच्या शेवटापर्यंत गेली आहे का, ते पाहावे. फुल टँगचीही एक खोड आहे: पट्ट्या सुटू लागल्या की फटीत पाणी शिरते आणि पोलाद आतून गंजते.

मुठीतून टिकटिक आवाज येणे, पाते किंचित डुलणे, सांध्यातून तांबूस पाणी झिरपणे ही धोक्याची चिन्हे. असा चाकू जोर लावताना निसटला, तर हात मुठीवरून सरकून थेट धारेवर जातो. वरून डिंक ओतून तो दुरुस्त होत नाही. मूठ काढून टँग तपासावी, आणि तिला तडा असेल तर पाते टाकून द्यावे.