दहा कॉम्प्युटर, चाळीस मुलं आणि ऐंशी मिनिटं

कनिष्ठ महाविद्यालयाच्या वेळापत्रकात प्रॅक्टिकलला जोडतास असतो, म्हणजे चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन तास सलग. बॅच चाळीसची, चालू कॉम्प्युटर दहा. एका मशीनवर दोघं बसले तरी निम्मी बॅच बाहेर राहते, म्हणून दोन फेऱ्या कराव्या लागतात.

हिशेब घड्याळाचा नसून मशीनच्या मिनिटांचा आहे. मुलं येऊन, हजेरी होऊन बसेपर्यंत आठ मिनिटं जातात. मग पहिली फेरी तीस मिनिटांची, अदलाबदलीला चार, दुसरी फेरी पुन्हा तीस आणि शेवटची आठ आवराआवरीला. मधली घंटा बरोबर अदलाबदलीत पडते, हे सोयीचंच. पण प्रत्येक जोडीत हात बदलायचा, म्हणजे ऐंशी मिनिटांत एका मुलाची बोटं कीबोर्डवर जेमतेम पंधरा मिनिटं. नवशिक्याला तेवढ्यात एक छोटा एचटीएमएल फॉर्म टाइप करून चालवून बघता येतो, फार तर. पुस्तकातला लांबलचक कोड तसाच दिला, तर दोन्ही फेऱ्या अर्धवट राहतात.

म्हणून फळ्यावरचं समजावणं आदल्या थिअरीच्या तासाला उरकावं. सर वीस मिनिटं बोलत राहिले, तर दहा मशीनची दोनशे मिनिटं नुसती पंखा फिरवण्यात जातात. बाहेरच्या वीस जणांनी तोवर कोड वहीत लिहून जोडीदाराकडून तपासून घ्यायचा. मशीनवर बसून विचार करणं इथे परवडत नाही.

जुनी मशीन सुरू व्हायला तीन-चार मिनिटं सहज घेतात. लॅब असिस्टंटनं ती घंटेआधीच चालू करून ठेवावीत आणि फेरी बदलताना बंद करू नयेत. फक्त फाइल सेव्ह करून उठायचं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सेव्ह करण्यातच बुडतो. बारा रोल नंबरच्या मुलानं नोटपॅडमध्ये `12.html` असं नाव दिलं, तरी खाली Text Documents निवडलेलं राहिलं तर फाइल `12.html.txt` होते, आणि विंडोज सहसा शेवटचं `.txt` दाखवतच नाही. ब्राउझरमध्ये फॉर्मऐवजी कोडच जसाच्या तसा दिसला, की हेच झालंय असं समजावं. Save as type मध्ये All Files निवडून पुन्हा सेव्ह केलं की झालं. मुलं मात्र कोडमधली चूक शोधत बसतात आणि त्यांची पंधरा मिनिटं संपतात. नावात रोल नंबर हवाच, नाहीतर दुसऱ्या फेरीतली जोडी पहिलीच्याच फाइलवर सेव्ह करते.

ऐन वेळी एखादं मशीन बसलं, तर ते दुरुस्त करत बसू नये. त्या जोडीतला एकेक जण शेजारच्या दोन मशीनवर पाठवावा. तिथे तिघांना दहा-दहा मिनिटं मिळतात.

जर्नलवरच्या सह्या शेवटी ठेवल्या, तर आठ मिनिटांत चाळीस जणांची रांग संपत नाही. फेरी चालू असताना, आउटपुट बघता बघताच सही करावी. आणि दर आठवड्याला फेऱ्यांचा क्रम उलटा करावा, कारण उशीर कुठेही झाला तरी कात्री दुसऱ्याच फेरीला लागते.