नोकरीचं पत्र मागताना नेमकं काय मागायचं?

मागच्या भागानंतर आमच्या बडोद्याच्या सोसायटीतली एक मुलगी कागद घेऊन आली. बहीण जर्मनीत असते, तिच्याकडे मे महिन्यात जायचं आहे. शेंगेन व्हिसासाठी कंपनीकडून नोकरीचं पत्र हवं होतं. तिनं एचआरला मेसेज टाकला, ‘व्हिसासाठी लेटर द्या’ आणि दोन दिवसांत पत्र हातात आलं. त्यात एकच वाक्य होतं: अमुक या आमच्या कंपनीत काम करतात. खाली एक सही, तीही कुणाची ते कळत नव्हतं.

दोष एचआरचा नाही. आपण मोघम मागतो, ते मोघम देतात.

व्हिसा अधिकाऱ्याला या पत्रातून दोन गोष्टी समजून घ्यायच्या असतात. खर्च करण्याइतकी कमाई आहे का, आणि परत येण्यासाठी नोकरी शाबूत आहे का. फौजेत रजेचा कागद असायचा, त्यावर कधीपासून कधीपर्यंत हे स्पष्ट लिहिलेलं असायचं, नाहीतर कुणी गेटबाहेर सोडत नसे. इथंही तारखा हाच पत्राचा कणा. रजा मंजूर आहे, ५ मे ते २२ मे, आणि २३ मेपासून या पुन्हा कामावर रुजू होतील, एवढं लिहिलेलं असलं पाहिजे. तिकीट या तारखांच्या आत बसलं पाहिजे. रजा २२ पर्यंत आणि परतीचं विमान २४ चं, असं झालं तर अधिकाऱ्याला शंका येणारच.

दुसरी अडचण पगाराची, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. या मुलीच्या कंपनीनं मागे एकदा बँकेसाठी दिलेल्या पत्रात महिना ८०,००० लिहिलं होतं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मात्र दर महिन्याला साधारण ७०,५०० जमा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ८०,००० हा सीटीसीचा आकडा, म्हणजे त्यात कंपनीनं भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली. शिवाय पगारातून तिचा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. पण पत्र वाचणाऱ्याला हे कोण सांगणार? म्हणून पगाराच्या पावतीवर असतो तोच एकूण मासिक पगार आणि हातात पडणारी रक्कम, दोन्ही लिहून मागा.

तिसरी गोष्ट नावाची. लग्नानंतर कंपनीत तिनं आडनाव बदललं होतं, पासपोर्टवर माहेरचंच होतं. पत्रात नाव पासपोर्टप्रमाणे आणि पासपोर्ट क्रमांकासह हवं, आणि कंपनीच्या नोंदीतलं नाव वेगळं असेल तर दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत असं एक वाक्य.

मग आम्ही नवी ईमेल लिहिली. ती इंग्रजीत गेली, मराठीत सांगायचं तर अशी:

‘जर्मनीच्या व्हिसासाठी कंपनीच्या लेटरहेडवर, तारखेसह पत्र हवे आहे. त्यात पुढील बाबी असाव्यात: पासपोर्टप्रमाणे नाव व पासपोर्ट क्रमांक, पद, रुजू झाल्याची तारीख, नोकरी कायम असल्याचा उल्लेख, मासिक एकूण व निव्वळ पगार, ५ ते २२ मे रजा मंजूर असून २३ मे रोजी रुजू होणे अपेक्षित. सही करणाऱ्यांचे नाव, पद, थेट फोन, कंपनीचा ईमेल व शिक्का. पासपोर्टची प्रत व पगाराच्या तीन पावत्या जोडल्या आहेत. अर्ज १० एप्रिलला द्यायचा आहे, ३ एप्रिलपर्यंत मिळाल्यास बरे.’

एचआरनं एकच हरकत घेतली: ‘ती परत येईल याची हमी आम्ही देणार नाही.’ बरोबर आहे. हमी मागूच नका. पत्र फक्त नोंदीतली वस्तुस्थिती सांगतं, आणि ‘कंपनी यासाठी कोणतीही आर्थिक जबाबदारी घेत नाही’ असं वाक्य घालायला त्यांना खुशाल सांगा. कर्जाच्या पत्रातही ते वाक्य चालतं, बहुतेक एचआरवाले तिथं जास्त घाबरतात.

बँकेसाठी हेच पत्र थोडं बदलतं. रजेचा भाग जातो, आणि नोकरी प्रोबेशनवर नाही, राजीनामा दिलेला नाही, हे येतं. गृहकर्ज असेल तर निवृत्तीची तारीखही मागतात, कारण हप्ते किती वर्षांचे ठेवायचे ते त्यावर ठरतं. बँकेचा स्वतःचा छापील नमुना असतो का ते आधी विचारा. असेल तर तोच भरून घ्या.

आणखी एक. पत्रावरच्या फोनवर खात्रीसाठी कुणी फोन करेल तेव्हा तो उचलणारा माणूस ‘अशी कुणी इथं नाही’ म्हणू नये. या मुलीच्या सही करणाऱ्या बाई नेमक्या त्या आठवड्यात रजेवर जाणार होत्या. म्हणून आम्ही त्यांच्या सहकाऱ्याचा नंबर पत्रात दुसरा म्हणून घालून घेतला आणि त्याला तसं सांगूनही ठेवलं.