लीडरचा शेवटचा मेल

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा सुपरसेल या फिनलंडच्या कंपनीचा गेम २०१२ साली आला. त्यात जास्तीत जास्त ५० खेळाडूंचा एक क्लॅन होतो आणि त्याचा लीडर एकच असतो. पद सोडायचं तर यादीतल्या एखाद्या को-लीडरला बढती द्यायची आणि गेम खात्री करून घेतो तेव्हा होकार द्यायचा. तो लीडर होतो, आपण को-लीडर. हा निर्णय मग आपल्याला फिरवता येत नाही. नव्या लीडरच्या मनात आलं तर तो आपल्यालाही बाहेर काढू शकतो. म्हणून आधी क्लॅन मेल जायला हवा. तसं न करता चॅटमध्ये अचानक नवा लीडर दिसला, तर अकाउंट हॅक झालं की काय इथपासून शंका सुरू होतात आणि चांगले खेळाडू दुसरा क्लॅन शोधू लागतात.

निरोपाचा चांगला मेल साधारण असा असतो:

"मंडळी, नोकरी बदलल्यापासून मला वॉरकडे बघायला वेळ होत नाही. ही लीग संपली की लीडरपद आपल्या सर्वांत जुन्या को-लीडरकडे देतोय. वर्षभर वॉरची यादी तोच लावतोय. वॉरमध्ये दोन्ही अटॅक करायचे, हा नियम कायम. या लीगचे बोनस मी वाटून जाईन, पुढचे तो ठरवेल. आठवडाभर मी को-लीडर म्हणून आहे, काही अडलं तर विचारा."

यातलं लीगचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. क्लॅन वॉर लीग महिन्याच्या सुरुवातीला असते. सात दिवस रोज एक लढाई आणि प्रत्येकाला दिवसाला एकच अटॅक. शेवटी बोनस पदकं मोजक्याच खेळाडूंना मिळतात, ती कुणाला द्यायची हे क्लॅनचं नेतृत्व ठरवतं. कुणी किती स्टार आणले, कुणी अटॅक चुकवला, हे ज्यानं सातही दिवस पाहिलं त्यानंच ती वाटावीत. मधेच लीडर बदलला तर नव्या माणसाच्या पदरी पहिल्याच दिवशी नाराजी पडते.

वारस नेमताना नुसतं डोनेशन बघू नये. भरपूर सैन्य देणारा प्रत्येक जण ५० जणांची भांडणं मिटवू शकतोच असं नाही. को-लीडर असताना त्यानं कुणाला काढलं आणि काढण्याआधी त्याच्याशी बोलला का, हे आठवून बघावं. लीडरला को-लीडरही काढता येतात, त्यामुळे चुकीच्या हाती गेलेला क्लॅन एका रात्रीत रिकामा होऊ शकतो.

काही जण पद देण्याऐवजी आपलं अख्खं अकाउंटच दुसऱ्याला देतात. हे मात्र करू नये. कंपनीच्या नियमात ते बसत नाही आणि अकाउंट कायमचं बंद होऊ शकतं.