रस स्वच्छ असला, तरी साखर तेवढीच

मार्च उजाडला की रस्त्याकडेला हिरव्या कापडाचे मांडव उभे राहतात आणि चरकाला बांधलेले घुंगरू वाजू लागतात. पुण्या-मुंबईत यातल्या कितीतरी रसवंत्यांवर कानिफनाथ किंवा नवनाथ हेच नाव दिसते. त्या चालवणारी बरीच कुटुंबे पुरंदर तालुक्यातली. बोपगावजवळच्या गडावरचा कानिफनाथ हे त्यांचे श्रद्धास्थान, म्हणून धंद्यालाही त्याचेच नाव. उन्हातून आलेल्या माणसाला कमी पैशांत थंडावा देणारा हा प्रामाणिक कष्टाचा व्यवसाय आहे.

या रसाबद्दल दोन शंका नेहमी विचारल्या जातात. तो स्वच्छ असतो का, आणि मधुमेह असलेल्याने तो प्यावा का? पुष्कळ घरांत या दोन्हींचे एकच उत्तर दिले जाते: चांगल्या ठिकाणचा, ताजा, बिनबर्फाचा रस असला की झाले. पहिल्या शंकेपुरते हे उत्तर बऱ्यापैकी बरोबर आहे. दुसरीला ते अजिबात लागू पडत नाही.

आधी स्वच्छतेचे पाहू. उसाच्या कांड्याच्या आत रस सुरक्षित असतो. ऊस तोडला आणि त्याची टोके उघडी पडली, की तिथून जंतू आत शिरू लागतात. म्हणून रसासाठी ऊस ताजा लागतो. जुन्या उसाची टोके सुकून काळपट होतात, कांडे चिरल्यावर आत लालसर रेघा दिसतात आणि आंबूस वास येतो. असा ऊस चरकात जाऊ नये. चांगला रसवंतीवाला साल तासतो, कांडी धुतो आणि मोळी जमिनीवर न टाकता उभी किंवा फळीवर ठेवतो. सालीवर शेतातली माती असते, ट्रकमधली धूळ असते. ती न काढता ऊस पिळला तर ती सगळी रसात उतरते, कारण हा रस उकळला जात नाही. सालीवर बसलेला किडासुद्धा चरकात जाऊ शकतो. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात 2005 साली रस्त्याकडेचा उसाचा रस प्यायलेल्या लोकांना चागास नावाचा आजार झाला, त्यात काही जण दगावले. तो आजार पसरवणारा किडा उसाबरोबर चिरडला गेला होता. आपल्याकडे तो आजार नाही, पण न उकळलेल्या रसात काय काय येऊ शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

रस निघाला की वेळ महत्त्वाची ठरते. लिंबू, संत्रे यांचे रस आंबट असतात आणि त्या आंबटपणामुळे पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते. उसाच्या रसात आंबटपणा फारच थोडा आणि साखर भरपूर. जंतूंना याहून सोयीचे काही नाही. काही जंतू या साखरेपासून बुळबुळीत पदार्थ तयार करतात, म्हणून ठेवलेला रस कधी कधी तारेसारखा चिकट लागतो. रस काळवंडतो तो मात्र वेगळ्या कारणाने. उसातलीच विकरे हवेच्या संपर्कात कामाला लागतात आणि काही मिनिटांत रंग बदलू लागतो. लिंबू पिळले की काळवंडणे लांबते आणि चवही येते, पण तेवढ्या लिंबाने रसातले जंतू मरत नाहीत. म्हणून आधीच काढून जगात भरून ठेवलेला रस घेऊ नये. आपल्यासमोर काढलेलाच घ्यावा आणि तिथेच प्यावा. घरी बाटलीतून नेऊन संध्याकाळी पिण्याचा हा पदार्थ नाही.

चरकही पाहून घ्यावा. रुळांच्या खाचांत, खालच्या ताटात आणि गाळणीत सकाळपासूनचा रस साचतो. दुपारपर्यंत त्यावर माश्या बसतात आणि नवा रस त्यावरूनच वाहत येतो. अधूनमधून स्वच्छ पाण्याने रूळ धुतले जातात का, चिपाडांचा ढीग चरकाला लागूनच पडला आहे का, यंत्राला लावलेले ग्रीस रसाच्या वाटेवर ओघळते का, हे रांगेत उभे असताना दिसते. ग्लास एकाच बादलीत बुचकळून पुढच्या गिऱ्हाईकाला दिले जात असतील, तर आधी प्यायलेल्या सगळ्यांच्या ओठांचे आणि हातांचे जंतू त्या बादलीत असतात.

सर्वांत मोठा धोका मात्र बर्फाचा. बर्फाच्या लाद्या कारखान्यातून येतात, गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर उतरतात आणि टोच्याने फोडल्या जातात. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. बरेचसे तग धरून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा सक्रिय होतात. शिवाय मासे आणि इतर माल थंड ठेवायचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा नसतो. तो खाण्यात येऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती केली. तेव्हा लादीला निळसर छटा दिसली तर तिथला रस घेऊ नये. पण बर्फ पांढराशुभ्र दिसला म्हणजे त्याचे पाणी शुद्ध, असेही समजू नये.

अशा पाण्यातून जुलाब-उलट्या, विषमज्वर आणि कावीळ होऊ शकते. इथे एका रूढ समजुतीकडे लक्ष वेधले पाहिजे. कावीळ झाली की उसाचा रस द्यायचा, असे घरोघरी सांगितले जाते. कावीळ झालेल्या माणसाला भूक नसते, तेव्हा साखरेतून थोडी ताकद मिळते, एवढाच त्याचा उपयोग. रसाने यकृताचा आजार बरा होत नाही. उलट हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंची कावीळ दूषित पाण्यातूनच पसरते, म्हणजे बर्फातून आणि बादलीतल्या पाण्यातूनही. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ‘ई’ जिवावर बेतू शकतो. तिने बाहेरचा बर्फ घातलेला रस टाळावाच.

एवढी काळजी घेतली, की स्वच्छतेचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. आता साखरेकडे वळू.

ग्लासात साखर किती, हे समजायला आपल्या साखर कारखान्यांचाच हिशेब पुरे आहे. महाराष्ट्रात एक टन उसातून साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर निघते. याचा अर्थ अर्ध्या किलो उसात पन्नासेक ग्रॅम साखर असते. रस्त्यावरच्या चरकात तेवढा ऊस पिळला तर साधारण अडीचशे मिलिलिटर रस मिळतो आणि थोडी साखर चिपाडात राहून जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर मिलिलिटर रसात 13 ते 15 ग्रॅम साखर असते. म्हणजे अडीचशे मिलिलिटरमध्ये 32 ते 37 ग्रॅम. निरोगी प्रौढानेही दिवसभरात वरची साखर 30 ग्रॅमच्या आत ठेवावी, असे याच परिषदेचे म्हणणे आहे. एका मोठ्या ग्लासात दिवसभराची मर्यादा ओलांडली जाते.

‘ही नैसर्गिक साखर आहे, पांढरी नाही’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येते. पण डब्यातली पांढरी साखर याच उसातून काढलेली असते. कारखाना ती तयार करत नाही, फक्त वेगळी करतो. रसात थोडे पोटॅशियम आणि काही वनस्पतिजन्य घटक असतात हे खरे, पण त्यांच्यामुळे साखरेचा परिणाम कमी होत नाही.

दुसरा दावा असा, की उसाच्या रसाचा ग्लायसेमिक इंडेक्स फार नाही. हा निर्देशांक साखर किती वेगाने चढते ते सांगतो, किती साखर पोटात गेली ते सांगत नाही. उसाच्या साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. फ्रुक्टोज आधी यकृतात जाते, म्हणून आकडा शुद्ध ग्लुकोजपेक्षा कमी दिसतो. पण 35 ग्रॅम साखर दोन मिनिटांत पोटात गेली, की कमी निर्देशांकाचा आधार फार पुरत नाही. शिवाय यकृतात गेलेल्या जादा फ्रुक्टोजची चरबी होऊ शकते, ते वेगळेच.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीतले एक रिक्षाचालक आहेत, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दुपारी ते ज्वारीची एक भाकरी, भाजी आणि वरण जेवतात. मध्यम भाकरीत साधारण 30 ते 35 ग्रॅम कर्बोदके असतात, पण ती चावून, भाजी-वरणाबरोबर, सावकाश पचतात. जेवणानंतर तासाभराने, साखर आधीच चढलेली असताना, ते रसाचा मोठा ग्लास घेतात. आणखी एक भाकरी खाल्ल्याइतकी कर्बोदके शरीरात जातात, तीही तंतुमय पदार्थांविना, द्रवरूपात, कारण उसाचा चोथा चिपाडातच राहिला. शरीरातले इन्सुलिन अपुरे असल्याने ही साखर तासन्‌तास रक्तात रेंगाळते. लघवी वाढते, तहान वाढते आणि उन्हात ते पुन्हा रसाकडे वळतात. सकाळी उपाशीपोटी तपासलेल्या रक्तात यातले काहीच दिसेलसे नाही, म्हणून ‘मला रस चालतो’ असा समज पक्का होतो. तो दुसऱ्या तपासणीने फिटतो. ग्लुकोमीटर असेल तर रस पिण्याआधी, एका तासाने आणि दोन तासांनी बोटाचे रक्त तपासावे.

बर्फाचा सल्ला इथेच उलटतो. स्वच्छतेसाठी बिनबर्फाचा रस मागितला, तर बर्फाची जागा रस घेतो आणि त्याच ग्लासात साखर जास्त येते. बर्फ टाळायचा असेल, तर ग्लासही लहान हवा.

मधुमेह्याला गोड गरजेचे ठरते ते साखर 70 च्या खाली गेली तर. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. अशा वेळी 15 ग्रॅम साखर तातडीने द्यावी लागते. दुसरे काही हाताशी नसेल तर शंभर मिलिलिटर उसाचा रस चालतो, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मात्र व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील, तर उसाची साखर वेळेवर फुटत नाही. या गोळ्या तिचे पचनच लांबवतात. अशांनी खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी. आपल्या गोळ्यांत यातले औषध आहे का, हे आजच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आणि 13 कोटींहून अधिक लोकांना मधुमेहाची पूर्वस्थिती असल्याचा अंदाज 2023 साली याच परिषदेच्या पाहणीतून पुढे आला. म्हणून रसवंतीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा करावा. ज्यांना मधुमेह नाही, त्यांनी ताजा ऊस, धुतलेला चरक आणि स्वच्छ ग्लास पाहून कधीतरी लहान ग्लास जरूर घ्यावा. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी तहान साध्या पाण्यावर किंवा बिनसाखरेच्या ताकावर भागवावी आणि उसाचा रस रोजच्या पेयांतून काढून टाकावा.