शिफारशीला पुरावा लागतो

व्यवस्थापनाच्या किंवा समाजकार्याच्या अभ्यासक्रमात केस स्टडीचं विश्लेषण लिहायला सांगितलं, की बहुतेक विद्यार्थी माहितीचा सारांश चार पानं लिहितात आणि शेवटच्या पानावर शिफारशी देतात. या दोहोंमधला दुवाच उत्तरात नसतो. तो कसा जोडायचा, हे वर्गासाठी रचलेल्या एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

दहा बायकांचा एक बचत गट मसाले करून गावोगावच्या दुकानांना उधारीवर देतो. दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देतात. एका प्रदर्शनानंतर महिन्याची विक्री चाळीस हजारांवरून साठ हजारांवर गेली. तरीही मजुरी थकू लागली आणि दोघीजणी यायच्या बंद झाल्या. अध्यक्षा म्हणतात, ‘बायकांना चिकाटी नाही.’ प्रश्न असा, की गटाने काय करावं?

पहिलं काम म्हणजे माहितीची वर्गवारी. मेरी रिचमंड यांनी 1917 साली ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात समाजकार्यातला पुरावा तपासताना प्रत्यक्ष दिसलेलं, कुणी सांगितलेलं आणि परिस्थितीवरून सूचित होणारं यांत फरक केला होता. तो आजही उपयोगी पडतो. उधारीच्या वहीतली नोंद एका जातीची, अध्यक्षांचं म्हणणं दुसऱ्या जातीचं. ‘चिकाटी नाही’ हे वाक्य अनेक उत्तरांत वस्तुस्थिती म्हणून उतरतं आणि मग ‘प्रेरणा प्रशिक्षण द्यावे’ अशी शिफारस येते. हजेरीवही मात्र वेगळं सांगते. दोघींची गैरहजेरी मजुरी थकल्यानंतर सुरू झाली आहे. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण अध्यक्षांचा निष्कर्ष तसाच उचलता येत नाही, एवढं नक्की होतं.

आता हिशेब मांडू. शंभर रुपयांच्या विक्रीमागे पासष्ट रुपये कच्चा माल आणि पाकिटांना रोखीने जातात, वीस मजुरीला. उरलेल्या पंधरांतून दुकानदाराचे पैसे आल्यावर कांडप यंत्राचा हप्ता, वीज आणि टेम्पोभाडं भागतं आणि महिन्याला हजारभर रुपये शिल्लक राहतात. म्हणजे दर शंभरामागे पंच्याऐंशी रुपये आधी घालायचे आणि दोन महिने वाट पाहायची. विक्री चाळीस हजार होती तेव्हा असे 68,000 रुपये अडकत. साठ हजारांना 1,02,000 अडकतात. गटाचा निधी 78,000 आहे. पूर्वी तो पुरत होता, आता चोवीस हजार कमी पडतात, आणि थकलेली मजुरीही नेमकी दोन महिन्यांची, चोवीस हजारच आहे.

विश्लेषण म्हणतात ते हेच. समस्येचं विधानही आता बदलतं. ‘सदस्यांचा उत्साह कमी’ असं न लिहिता ‘विक्री वाढल्याने उधारीत अडकणारी रक्कम निधीपेक्षा मोठी झाली आणि तुटीचा भार मजुरीवर पडला’ असं लिहावं लागतं. या विधानापुढे ‘समाजमाध्यमांवर जाहिरात करावी’ ही नेहमीची शिफारस ठेवून पाहा. उधारी तशीच राहिली आणि विक्री आणखी दहा हजारांनी वाढली, तर आणखी सतरा हजार अडकतील. सल्ला ऐकायला चांगला वाटतो, पण गटाला तो बुडवू शकतो.

पर्याय तपासतानाही याच आकड्यांकडे परत यावं लागतं. बँकेचं कर्ज मिळू शकेल, पण उधारीची मुदत तीच राहिली तर विक्रीबरोबर कर्जही वाढत जाईल. विक्री कमी केली तर तूट मिटेल, पण बायकांचं काम घटेल. वही सांगते, की अकरापैकी तीनच दुकानं निम्मा माल घेतात. या तिघांनी एका महिन्यात पैसे दिले तर अडकलेली रक्कम 76,500 वर येते, म्हणजे निधीच्या आत. मोकळ्या झालेल्या साडेपंचवीस हजारांतून थकलेली मजुरी देता येते. त्यासाठी त्यांना दोन टक्के सूट द्यायची तर महिन्याला सहाशे रुपये लागतील, आणि ते हजाराच्या शिल्लकेत बसतात.

म्हणून शिफारस अशी लिहावी: सचिवांनी या महिन्यात तीन दुकानदारांशी तीस दिवसांच्या मुदतीचं बोलणं करावं, सुटलेल्या रकमेतून आधी मजुरी द्यावी, आणि तोवर नवी दुकानं जोडू नयेत. परीक्षक अशा उत्तरात प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ‘हे कशावरून?’ असं विचारत मागे जातो आणि वहीतल्या नोंदीपर्यंत पोहोचतो. जिथे वाट तुटते तिथे गुण जातात.

या शिफारशीच्या मर्यादाही उत्तरातच याव्यात. दुकानदार नाही म्हणाले तर छोटं कर्ज हा दुसरा पर्याय उरतो, आणि किती रकमेचं हे वरच्या तुटीवरून ठरतं. शिवाय यायच्या बंद झालेल्या दोघींचं म्हणणं केसमध्ये कुठेच नाही. मजुरी हे एक कारण असेल, पण घरात आजारपण असेल किंवा गटात भांडण झालं असेल, तर पैसे देऊनही त्या परतणार नाहीत. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने म्हणून आर्थिक शिफारशीबरोबरच दोघींच्या घरी जाऊन भेट घेणं सुचवावं, आणि तिथे कोणती माहिती मिळाली तर आपलं निदान बदलेल, तेही लिहावं.