ऐंशी टक्क्यांची यादी चकलीपाशी अडते

समजा, एका फरसाणाच्या दुकानात दहा जिन्नस आहेत आणि महिन्याची विक्री एक लाख रुपयांची आहे. बाकरवडी ३४ हजारांची खपते, चिवडा २२, शेव १४ आणि चकली १२ हजारांची. उरलेले १८ हजार पापडी, शंकरपाळी, लाडू, खारे दाणे, करंजी आणि अनारसे यांचे मिळून. विक्रीतले पहिले ऐंशी टक्के कोणत्या मालातून येतात, हे मालकाला हवं आहे. तो माल दुकानात कधीच संपू द्यायचा नाही.

या पद्धतीला पॅरेटो विश्लेषण म्हणतात. विल्फ्रेडो पॅरेटो हे इटालियन अर्थतज्ज्ञ; त्यांनी संपत्तीच्या विषम वाटणीचा अभ्यास केला होता. त्यांचं नाव कारखान्यातल्या दर्जाच्या हिशेबाला चिकटवलं ते जोसेफ जुरान यांनी, विसाव्या शतकात.

रीत सोपी आहे. जास्त खपाचा माल वर येईल अशी यादी लावायची आणि बेरीज करत खाली यायचं: ३४, ५६, ७०, ८२. आता ऐंशी कुठे? शेवेपर्यंत सत्तरच होतात आणि चकली धरली की ब्याऐंशी. बहुतेक जण एक्सेलमध्ये ‘बेरीज ८० टक्क्यांपर्यंत’ अशी अट घालतात. मग चकली गळते आणि यादी सत्तरावरच थांबते. एकट्या बाकरवडीचा खप ८५ हजार असता, तर यादी चक्क रिकामी आली असती!

म्हणून प्रश्न उलटा विचारावा: हा जिन्नस यायच्या आधी ऐंशी टक्के भरले होते का? नसतील, तर तो आत. नावं A स्तंभात, विक्री B मध्ये, उतरत्या क्रमाने दुसऱ्या ओळीपासून असेल तर सूत्र असं:

```
=SUM(B$2:B2)-B2<0.8*SUM(B$2:B$11)
```

ते अकराव्या ओळीपर्यंत ओढलं की पहिल्या चार ओळींत TRUE येतं.

दहातले चार म्हणजे चाळीस टक्के. ‘वीस टक्के माल, ऐंशी टक्के विक्री’ हे ऐकायला छान, पण तो काही नियम नव्हे; आकडा दुकानागणिक बदलतो.

खरी गफलत मात्र सूत्राच्या आधीच होते. बाकरवडीची शंभर, अडीचशे आणि पाचशे ग्रॅमची पाकिटं बिलाच्या मशीनमध्ये तीन वेगळे जिन्नस म्हणून नोंदलेली असतील, तर तिचा खप तीन तुकड्यांत विभागतो आणि चिवडा फुकटात पहिला येतो. आधी तिन्हींची बेरीज एका नावाखाली घ्यावी. महिनाही बघून निवडावा. जूनच्या यादीत अनारसे तळाला असतात, म्हणून कुणी ते बंद करायला निघालं तर दिवाळीत गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, आणि जाताना चकलीही तिथूनच घेईल.